केसांचा गोळा की दमा? मांजराचा खोकला घरच्या घरी ओळखण्याची रीत

‘डॉक्टर, हिच्या घशात केसांचा गोळा अडकलाय, पण बाहेरच येत नाही.’ मांजरांच्या दवाखान्यात हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की आता मी पहिला अर्धा भाग सोडून देतो आणि दुसरा धरून ठेवतो. बाहेरच येत नाही. चार महिने, सहा महिने, कधी दोन वर्षं मांजर जमिनीला टेकून, मान लांब करून काहीतरी बाहेर काढायला बघतंय आणि एकदाही गोळा पडलेला नाही. मग तो गोळा आहे असं ठरवलं कोणी?

बहुतेक वेळा तो खोकला असतो. मांजर खोकतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, कारण त्याचा खोकला माणसासारखा किंवा कुत्र्यासारखा दिसत नाही. त्यामुळे केसांचा गोळा सुटावा म्हणून मिळणारी पेस्ट चाटवण्यात महिने जातात आणि श्वासनलिकांची सूज वाढत राहते. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एकदम शेवटचा टप्पा गाठून ‘इन्हेलर कोणता आणू?’ असं विचारणारे असतात, त्यांचंच काम पुढे अडतं.

उदाहरणासाठी चिंगी नावाची मांजर घेतो. वय पाच वर्षं, वजन साधारण चार किलो, आखूड केस. नाव बदललेलं आहे, बाकी तपशील तसेच ठेवले आहेत. तिच्या ताईंनी चार महिने पेस्ट दिली होती. त्यातला पहिला महिना माझ्याच सांगण्यावरून दिला होता. फोनवर वर्णन ऐकलं, ‘गोळाच असेल’ म्हणालो आणि मोकळा झालो. नुसत्या वर्णनावर हा निकाल देऊ नये, हे मी तिथे शिकलो.

## टप्पा १: आधी तातडीचा प्रसंग नाही ना, ते बघा

मोजमाप आणि व्हिडिओ नंतर. मांजराकडे आत्ता बघा आणि पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर हा लेख बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

- तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय. खूप खेळून झाल्यावर किंवा प्रवासाच्या भीतीने क्षणभर असं होऊ शकतं, पण शांत बसलेल्या मांजराच्या बाबतीत हे कधीच साधं समजू नये.
- हिरड्या किंवा जीभ निळसर, राखाडी किंवा पांढरीफटक दिसते.
- प्रत्येक श्वासाला पोट भात्यासारखं आत-बाहेर होतंय, कोपरं अंगापासून फाकलेली आहेत आणि मांजर आडवं व्हायला तयार नाही.
- उबळ थांबली, पण धाप काही मिनिटांत खाली आली नाही.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करा, म्हणजे प्राणवायूची तयारी होते. मांजराला पकडून, गुंडाळून, उताणं करून तपासत बसू नका. धाप लागलेल्या मांजराशी झटापट केली तर उरलासुरला प्राणवायूही त्यातच खर्च होतो. पिंजऱ्याचं झाकण वरून उघडत असेल तर त्याला अलगद आत ठेवा आणि गाडीत शांतता राखा.

सावधान: गोळा खरोखर आतड्यात अडकला तर तोही तातडीचाच प्रसंग असतो, पण त्याचं चित्र वेगळं दिसतं. मांजर खाणं सोडतं, पुन्हापुन्हा ओकतं, शी होत नाही, कोपऱ्यात मलूल पडून राहतं. उबळ संपल्याबरोबर उठून वाटीकडे जाणाऱ्या मांजराच्या आतड्यात गोळा अडकलेला असणं अवघड आहे.

## टप्पा २: झोपेतले श्वास मोजा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, कारण त्यात आवाज नाही की नाट्य नाही. पण डॉक्टरांना तुमच्याकडून मिळणारा सगळ्यात भरवशाचा आकडा हाच असतो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे श्वास मोजून फारसं हाती लागत नाही. घरी, गाढ झोपेतलं मोजमाप फक्त तुम्हीच करू शकता.

मांजर झोपलं की दोन-तीन हात लांब बसा. छाती वर आली आणि खाली गेली, की एक श्वास झाला. घड्याळ लावून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. वेगवेगळ्या दिवशी असं चार-पाच वेळा करून तारखेसह लिहून ठेवा.

निरोगी मांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. एखाद्या दिवशी ३२ आले म्हणून घाबरू नका, पण आकडा सतत तिसाच्या वर राहत असेल तर तपासणी हवीच, मग खोकला असो वा नसो. झोपेत चाळीसच्या वर जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मोजताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, मांजर घुरघुरत असताना मोजणं. घुरघुर म्हणजे आनंदातली गुरगुर, ती श्वास घेताना आणि सोडतानाही चालू असते आणि तिच्या थरथरीत मोजणी फसते. दुसरी, मिशा आणि पंजे फडफडत असताना मोजणं. तेव्हा मांजर स्वप्नात असतं आणि श्वास आपोआप अनियमित होतात. पाच मिनिटं थांबा, ते पुन्हा शांत होईल.

चिंगीचे आकडे होते ३६, ३४, ३८, ३६. ताईंना ती झोपेत ‘अगदी शांत’ वाटत होती आणि बघायला शांतच होती. मोजल्याशिवाय हे कुणालाच कळलं नसतं.

तपासा: चार वेगवेगळ्या वेळचे आकडे वहीत आहेत ना? एकाच बैठकीत चारदा मोजलेले चालणार नाहीत.

## टप्पा ३: उबळ फोनवर टिपा

मांजर दवाखान्यात खोकत नाही. हा जणू नियमच. म्हणून व्हिडिओ आणणं भाग आहे, आणि तो काम देईल असा हवा.

फोन मांजराच्या बाजूने, जमिनीलगत धरा. वरून घेतलेल्या व्हिडिओत फक्त पाठ दिसते, आणि पाठीवरून काहीच ठरवता येत नाही. चौकटीत तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत पूर्ण मांजर येऊ द्या, विशेषतः बरगड्या संपून कूस सुरू होते ती जागा. दिवा लावा, टीव्ही आणि पंखा बंद करा, आणि स्वतः बोलू नका. ‘काय झालं गं बाळा’ या आवाजाखाली नेमका हवा तो आवाज दबलेले कितीतरी व्हिडिओ मी पाहिले आहेत.

उबळ संपली की लगेच थांबवू नका. पुढचे वीस-तीस सेकंदही घ्या. निदानाची निम्मी माहिती त्या शेवटात असते, आणि नेमका तिथेच फोन खिशात जातो.

सावधान: उबळ चालू असताना मांजराला उचलणं, पाठीवर थोपटणं, तोंडात बोट घालून ‘गोळा’ शोधणं, यातलं काही करू नका. त्या क्षणी पेस्ट किंवा तेल तोंडात कोंबणं तर सगळ्यात घातक. गोळ्याच्या पुष्कळ पेस्टमध्ये खनिज तेलाच्या जातीचा पदार्थ असतो. खोकणाऱ्या मांजराने तो श्वासाबरोबर आत ओढला तर फुप्फुसात बसतो आणि तेलकट न्यूमोनिया होतो. मग मूळ दुखणं राहतं बाजूला आणि नवंच निस्तरावं लागतं.

## टप्पा ४: व्हिडिओ चार भागांत बघा

सगळ्यांची गल्लत इथेच होते, त्यामुळे इथे घाई नको. व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा, मग आवाजासह, आणि पुढचे चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

सुरुवात कशी झाली? गोळा किंवा ओकारी येण्याआधी मांजराला मळमळतं. ते अस्वस्थ फिरतं, ओठ चाटतं, पुन्हापुन्हा गिळतं, लाळ गळते, काही मांजरं विचित्र सुरात ओरडतात. यात अर्धा-एक मिनिट सहज जातं. खोकल्याची उबळ बहुधा अशी सूचना देत नाही. मांजर झोपेतून उठतं, किंवा खेळता-खेळता थांबतं, बसकण मारतं आणि खोकू लागतं.

अंग कसं आहे? खोकताना मांजर पोटावर बसल्यासारखं दबतं, खांदे वर येतात, कोपरं बाहेर पडतात आणि मान सरळ पुढे, जमिनीलगत ताणली जाते. जणू पलंगाखाली गेलेलं काही वाकून बघतंय. तोंड मिटलेलं किंवा थोडंसंच उघडं असतं. ओकताना पाठीची कमान होते, डोकं खालीवर हलतं आणि शेवटी तोंड चांगलं मोठं उघडतं. नुसत्या बसण्याच्या ढबीवर निकाल देऊ नका, कारण काही मांजरं ओकतानाही दबून बसतात.

जोर कुठून येतोय? चारांतला हा खरा प्रश्न. कुशीकडे बघा. ओकारीच्या उमाश्यात पोट मोठ्या, संथ लाटांनी आत ओढलं जातं. लाट कुशीत सुरू होऊन घशाकडे चढताना दिसते, दोन लाटांमध्ये अंतर असतं आणि आवाज ‘गळ्ळ-गळ्ळ’ असा ओला येतो. खोकल्यातही पोट हलतं, म्हणून ‘पोट हललं म्हणजे ओकारी’ ही खूण चुकीची आहे. पण खोकल्याचे धक्के छोटे, कोरडे आणि एकामागून एक असतात, आणि दर धक्क्याला हवा बाहेर फेकली जाते. ‘खॅक्-खॅक्-खॅक्’. डोळे मिटून ऐकलंत तर हवा सुटल्याचं कळतं. उमाश्यात हवा सुटत नाही, ती अडते.

शेवट काय झाला? गोळा असेल तर तो पडतो. अन्ननलिकेतून दाबून आल्यामुळे तो लांबट, सुरळीसारखा असतो, ओला आणि चिकट द्रवात गुंडाळलेला. मांजर एक पाऊल मागे सरतं, कधी वास घेतं आणि निघून जातं. खोकल्याच्या शेवटी काही पडत नाही. मांजर एक-दोनदा गिळतं, ओठ चाटतं आणि काही घडलंच नाही अशा थाटात चालू लागतं. या गिळण्यानेच सगळे फसतात. ‘बघा, गोळा वर आला होता, परत गिळला.’ मांजराने गिळला तो श्वासनलिकेतून वर आलेला कफ.

एक खाचखळगा सांगायलाच हवा. जोराच्या उबळीनंतर काही मांजरांना खोकल्यामुळेच उमासे येतात आणि पांढरा फेस किंवा थोडं पाणी पडतं. अशा वेळी क्रम बघा. आधी कोरडे धक्के आणि मग उमासे असतील तर मूळ खोकला आहे. फेस पडला म्हणजे पोटाचं दुखणं, असा अर्थ लावू नका.

चिंगीचा व्हिडिओ बावीस सेकंदांचा होता. ती पलंगाच्या पायाशी दबून बसली होती, मान फरशीला जवळजवळ टेकलेली. आठ धक्के मोजता आले, ते सगळे सहा सेकंदांत. मग दोनदा गिळणं, एकदा ओठ चाटणं, आणि शेपटी वर करून ती चौकटीबाहेर. लाळ नाही, कुशीत लाट नाही, फरशीवर काही नाही. ताईंनी तो व्हिडिओ आठ-दहा वेळा पाहिला होता, पण प्रत्येक वेळी फक्त तोंडाकडे. मी म्हटलं, ‘ताई, आता तोंडावर हात धरा आणि फक्त कूस बघा.’ दुसऱ्या खेपेला त्या स्वतःच म्हणाल्या, ‘ही ओकत नाहीये.’

तपासा: चारपैकी निदान तीन उत्तरं एकाच बाजूची आहेत का? दोन-दोन पडत असतील तर दुसऱ्या उबळीचा व्हिडिओ घ्या, अंदाज करू नका.

## टप्पा ५: शीळ ऐका, आणि श्वासाची कोणती बाजू ते ठरवा

दम्यात छोट्या श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, त्यांचे स्नायू आवळतात आणि आत कफ साठतो. हवा आत कशीबशी शिरते, बाहेर पडताना अडते. म्हणून दम्याची शीळ श्वास सोडताना येते, आणि श्वास सोडायला जास्त वेळ व जोर लागतो. हे एक सूत्र लक्षात असेल तर निम्मे गोंधळ मिटतात.

मांजर शांत झोपलेलं असताना कान त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर न्या. बारीक, सुरेल ‘सूंऽऽ’ ऐकू येते का, आणि ती छाती खाली जाताना येते का, ते बघा. श्वास आत घेताना घोरल्यासारखा किंवा खरखरीत आवाज येत असेल तर अडथळा बहुधा नाकात, नाकामागे किंवा घशात असतो. तरुण मांजरांत नाकामागे किंवा कानाच्या आतल्या भागातून वाढलेली मांसल गाठ हे त्याचं एक कारण. दोन्ही बाजूंना सारखाच थरथरता आवाज आणि मांजर सुखात डोळे मिटून पंजे दाबतंय, तर ती घुरघुर.

शीळ ऐकू आली नाही म्हणून दमा नाही, असं मात्र समजू नका. पुष्कळ मांजरांची शीळ स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येत नाही, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात तर स्टेथोस्कोपलाही सापडत नाही. चिंगीची शीळ ताईंनी कधीच ऐकली नव्हती. मलाही पहिल्या तपासणीत ऐकू आली नाही.

## टप्पा ६: दोन आठवडे नोंद ठेवा

श्वासाचे आकडे चढे नसतील आणि मांजर खात-खेळत असेल तरच हे दोन आठवडे थांबा. आकडे चढे असतील तर आधी भेट ठरवा आणि नोंद त्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख-वेळ, उबळ किती सेकंद, शेवटी काय पडलं, आणि आधीच्या तासाभरात घरात काय झालं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मांजराच्या शीच्या पेटीतली माती किंवा वाळू बदलली? झाडू मारला? सिगारेट ओढली? सुगंधी फवारा मारला, मेणबत्ती पेटवली, रंगकाम चालू आहे? दम्याचं मूळ श्वासातून आत जाणाऱ्या कणांविरुद्धच्या अतिसंवेदनेत असतं, आणि धूर, धूळ व वास त्या चिडलेल्या नळ्यांना आणखी डिवचतात.

चिंगीच्या चौदा दिवसांत नऊ उबळी झाल्या. त्यांतल्या सहा पेटी भरल्यापासून तासाभरात. पेटीतली वाळू बारीक, सुगंधी आणि ओतताना ढग उठवणारी होती. ताईंनी धूळ न उडणारी, वास नसलेली आणली आणि मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवून पेटी भरायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात उबळी निम्म्यावर आल्या, पण थांबल्या नाहीत. बहुतेकदा असंच होतं. कारण हटवल्याने औषध कमी लागतं, औषधाची गरज संपत नाही.

एका वेळी एकच बदल करा. वाळू, पडदे, खाणं आणि फवारा एकाच दिवशी बदलले तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

## टप्पा ७: डॉक्टरांकडे काय न्यायचं आणि काय विचारायचं

व्हिडिओ, श्वासाचे आकडे, वही आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी न्या. फिटसाठी पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण त्या औषधाने काही मांजरांना दम्यासारखाच खोकला होतो. ‘दमा आहे’ असं सांगत आत शिरू नका. ‘खोकला आहे, गोळा नाही, हे बघा’ एवढं पुरे.

दम्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगणारी एकच अशी चाचणी नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळावी लागतात. फुप्फुसातले जंत हुबेहूब दम्यासारखे वागतात, म्हणून शीची खास तपासणी करतात. ते जंत नेहमीच्या तपासणीत निसटू शकतात, त्यामुळे अनेक डॉक्टर तपासणीत काही आढळलं नाही तरी जंताचं औषध देऊन बघतात. हृदयातल्या जंताचाही विचार होतो. छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या जाड झालेल्या भिंती दिसतात, आडव्या छेदात कड्यांसारख्या आणि उभ्या छेदात रुळांसारख्या. पण काही दमेकरी मांजरांचा एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. ‘एक्स-रे चांगला आलाय, म्हणजे गोळाच’ असं म्हणून घरी परतणं ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

हृदयविकाराबद्दल एक गोष्ट माणसांच्या अनुभवावरून चुकीची धरली जाते. हृदय कमकुवत झालेलं मांजर सहसा खोकत नाही, त्याला धाप लागते. म्हणून खोकला नसताना झोपेतले श्वास वाढलेले असतील तर हृदयाची तपासणी आधी.

पक्कं करायचं असेल तर भूल देऊन श्वासनलिकेत थोडं सलाईन सोडून ते परत ओढतात आणि त्यातल्या पेशी पाहतात. दम्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त आढळतात. जुनाट ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांची दुसऱ्या प्रकारची जुनी सूज, असेल तर न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जास्त असतात. उपचार बरेचसे सारखे असले तरी जंतुसंसर्ग नाही ना हे त्यातून कळतं.

सावधान, क्रमाची चूक: तपासण्यांच्या आधी घरातलं उरलेलं स्टेरॉइड देऊ नका. त्याने खोकला दबतो आणि त्या पेशीही कमी होतात. मग चाचणी खोटं सांगते. मांजर धापेने कासावीस असेल तर मात्र डॉक्टर आधी औषधच देतील, आणि तेच बरोबर.

चिंगीच्या एक्स-रेमध्ये भिंती जाड दिसल्या, शीत जंत सापडले नाहीत, तरी जंताचं औषध दिलं. खोकला तसाच राहिला. मग धुवून काढलेल्या द्रवात इओसिनोफिल भरपूर आणि जंतू शून्य निघाले.

## टप्पा ८: औषध सुरू झाल्यावर

सुरुवात बहुधा तोंडाने द्यायच्या प्रेड्निसोलोन या स्टेरॉइडने होते. प्रेड्निसोन नाही. नावं जवळची आहेत, पण मांजराच्या शरीरात प्रेड्निसोनचं कामाच्या रूपात रूपांतर नीट होत नाही. बाटलीवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या चालू असताना पाणी पिणं आणि लघवी फार वाढली तर कळवा.

लांबच्या पल्ल्यासाठी इन्हेलर. त्यात दोन जाती आहेत आणि त्यांची अदलाबदल ही घरोघरची चूक. फ्लुटिकॅसोन हे सूज कमी करणारं रोजचं औषध. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून झटक्याच्या वेळी ते निरुपयोगी. साल्ब्युटामोल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं, म्हणून ते झटक्यासाठी. ते रोज देत बसू नये. सूज त्याने जात नाही, आणि सतत वापराने ती वाढूही शकते. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत ‘रोज’ आणि ‘झटका’ लिहून ठेवा. साल्ब्युटामोल वारंवार लागायला लागलं, तर रोजचं औषध कमी पडतंय असं समजून डॉक्टरांना कळवा.

मांजराला इन्हेलर स्पेसरमधून देतात. स्पेसर म्हणजे पोकळ नळी, तिच्या एका टोकाला इन्हेलर बसतो आणि दुसऱ्या टोकाला नाक-तोंड झाकणारा मास्क. या मास्कची सवय औषधाआधी लावायची असते. पहिले दोन-तीन दिवस मास्क नुसता खाऊच्या वाटीजवळ ठेवा. मग मास्कमध्ये खाऊ ठेवून नाक आत जाऊ द्या. नंतर एक श्वास, तीन श्वास, असं वाढवा, दर वेळी खाऊ. मास्क शांतपणे टिकायला लागला की इन्हेलर हलवून स्पेसरला जोडा आणि फवारा सोडा. त्याच्या ‘फुस्स’ आवाजाने मांजर दचकत असेल तर फवारा आधी स्पेसरमध्ये सोडून लगेच मास्क लावा. नाक-तोंड दोन्ही झाकलं पाहिजे, कडेने फट नको. झडपेची हालचाल बघत सात ते दहा श्वास मोजा. सेकंद नाही, श्वास मोजा. मांजराने श्वास रोखून धरला तर दहा सेकंदांत काहीच आत जात नाही. मांजरासाठीच बनवलेला स्पेसर घ्या, कारण मोठ्या माणसाच्या स्पेसरची झडप मांजराच्या इवल्या श्वासाने नीट हलत नाही. शेवटी ओल्या फडक्याने तोंडाभोवतीचे केस पुसा.

इन्हेलर सुरू झाला त्याच दिवशी गोळ्या बंद करणं ही शेवटची मोठी चूक. दोन्ही काही आठवडे बरोबर चालतात, मग गोळ्या डॉक्टर सांगतील तशा हळूहळू उतरवायच्या. खोकला थांबला म्हणून इन्हेलरही स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण खोकला थांबल्यावरही नळ्यांमधली सूज तशीच राहू शकते. झोपेतल्या श्वासांची वही इथेही चालू ठेवा.

सावधान: माणसांचं खोकल्याचं औषध देऊ नका. पॅरासिटामोल असलेली कोणतीही गोळी किंवा सिरप मांजराच्या जिवावर बेततं, अगदी थोडंसुद्धा. सुगंधी तेल घातलेली वाफही नको.

चिंगीला मास्कची सवय व्हायला अकरा दिवस लागले. सहाव्या आठवड्यात झोपेतले आकडे २४, २२, २४ आले आणि वहीत दहा दिवस एकही उबळ नव्हती. नंतर एका सकाळी ताईंचा व्हिडिओ आला, सोबत एकच शब्द: ‘परत?’ मी आवाज बंद करून पाहिला. मांजर उभं होतं, ओठ चाटत होतं, कुशीत तीन संथ लाटा आल्या, पाठीची कमान झाली आणि फरशीवर बोटभर लांबीची केसांची सुरळी पडली. चिंगी एक पाऊल मागे सरली आणि वास घेऊन निघून गेली. मी उत्तर दिलं, ‘हा गोळा. इन्हेलर आहे तसाच चालू ठेवा.’